कोटीचे भाषांतर : शब्द बदलावा, रोख बदलू नये

विनोदाचे भाषांतर होत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. प्रसंगावर उभा असलेला विनोद बहुधा दुसऱ्या भाषेत जातो. माणूस केळीच्या सालीवरून घसरला, तर तो कोणत्याही भाषेत घसरतोच. अडचण येते ती कोटीची. एकाच उच्चारात दोन अर्थ राहतात, हा त्या त्या भाषेतला निव्वळ योगायोग असतो, आणि दुसऱ्या भाषेत तो योगायोग नसतो. म्हणून भाषांतरकार एक तर कोटी गाळतो, नाही तर खाली तळटीप देतो. तळटीप वाचून कोटी समजते, पण हसू येत नाही. तिसरा मार्ग आहे तो असा : मूळ शब्द सोडून द्यायचा आणि आपल्या भाषेतल्या दुसऱ्या योगायोगावर तोच विनोद नव्याने उभा करायचा. या मार्गात काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. लुइस कॅरोलच्या 'ॲलिस इन वंडरलँड' (१८६५) या पुस्तकात एक समुद्री प्राणी आपल्या शाळेची हकिगत सांगतो. पहिल्या दिवशी दहा तास अभ्यास, दुसऱ्या दिवशी नऊ, असा रोज एकेक कमी. ॲलिसला हे विचित्र वाटते. तेव्हा तिला सांगितले जाते की, रोज कमी होतो म्हणूनच तर त्याला हे नाव. इंग्रजीत धडा म्हणजे 'लेसन' आणि कमी होणे म्हणजे 'लेसन'. स्पेलिंग वेगळे, उच्चार एकच. पुढे ॲलिस हिशेब करते की अकराव्या दिवशी सुट्टी असणार.

नवी मुंबईतल्या आमच्या वर्गात हा उतारा मी भाषांतराला देतो. बहुतेकांच्या हातून पहिल्यांदा 'धडा' हा शब्द येतो आणि कोटी तिथेच मरते, कारण 'धडा' या शब्दात कमी होण्याचा अर्थ नाही. मग कोणी तरी 'पाठ' सुचवतो. हा शब्द मोठा मोहात पाडणारा आहे. पाठ म्हणजे धडा आणि पाठ म्हणजे शरीराचा भाग. 'आमच्या शाळेत पाठ घेत नसत, पाठ शेकत!' असे वाक्य होते आणि वर्ग हसतो. पण हसू आले म्हणजे भाषांतर झाले असे नव्हे. मुळात हसू आहे ते शाळेच्या उफराट्या कारभारावर आणि तो कारभार शब्दाच्या जोरावर गंभीरपणे पटवून देणाऱ्यावर. 'पाठ' घेतला की हसू वळते मार खाणाऱ्या मुलाकडे. शिवाय दहा, नऊ, आठ हा हिशेबही कोलमडतो आणि ॲलिसच्या अकराव्या दिवसाला जागा उरत नाही.

म्हणून शब्द शोधण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. पहिली, या विनोदात कोण कोणाला हसते? दुसरी, पुढच्या मजकुराला या विनोदातले काय लागते? इथे उत्तर असे की, हसायचे ते शाळेला, आणि पुढे लागतो तो रोज एकेकाने घटणारा आकडा. हे पक्के झाले की शोधाचे क्षेत्र आपोआप लहान होते. शाळेच्या परिसरातला असा शब्द हवा, ज्याचा दुसरा अर्थ कमी करण्याशी जुळेल. वर्ग, फळा, हजेरी, इयत्ता, तास असे शब्द एकेक करून तपासत गेले, की 'तास' या शब्दापाशी आपण थांबतो. तास म्हणजे साठ मिनिटे, तास म्हणजे वर्गातला पिरियड, आणि सुतार वासल्याने लाकूड तासतो तेही तासणेच. मग संवाद असा होतो :

'पहिल्या दिवशी दहा तास, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी आठ.'
'असे कसे?'
'रोज एकेक तासून काढतात. म्हणून तर त्याला तास म्हणायचे!'

मूळ शब्दाशी याचा काही संबंध उरलेला नाही. तरीही हिशेब शाबूत आहे, खोट्या व्युत्पत्तीचा गंभीर आव शाबूत आहे आणि हसू शाळेवरच आहे. एक मर्यादा मात्र राहते. ज्याने लाकूड तासलेले पाहिले आहे, त्याला ही कोटी ताबडतोब कळते. इमारतींच्या जंगलात वाढलेल्या मुलाला 'तासणे' माहीत नसेल, तर ती फुकट जाते. म्हणून मूळ न वाचलेल्या माणसाला भाषांतर एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. समजावून सांगावे लागले, तर शब्द पुन्हा शोधावा.

आता उलट्या दिशेने जाऊ. इथे प्रश्न अधिक गंभीर होतो. 'जात नाही ती जात' हे वाक्य आपल्या सभांतून नेहमी ऐकू येते. जन्मावरून आलेली 'जात' आणि 'जाणे' या क्रियापदाचे 'जात' हे रूप यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. तो मराठीचा योगायोग आहे. इंग्रजीतही असाच एक योगायोग हाताशी आहे. जात म्हणजे 'कास्ट', आणि फेकणे म्हणजेही 'कास्ट'. पहिला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, दुसरा उत्तर युरोपातला, उच्चार मात्र एकच. त्यामुळे 'व्हॉट यू कॅनॉट कास्ट ऑफ इज कास्ट' असे वाक्य सहज सुचते. काढून टाकता येत नाही ती जात. कोटी चोख बसते.

पण वर सांगितलेला प्रश्न इथे पुन्हा विचारला पाहिजे. रोख कोणावर आहे? मराठी वाक्यात कर्ता जात आहे. ती जात नाही, चिकटून बसते, दोष तिचा आणि तिला टिकवणाऱ्या व्यवस्थेचा. इंग्रजी वाक्यात कर्ता झाला 'तू'. अंगावरचा कोट काढून टाकावा तशी जात तुला काढून टाकता येत नाही, असा अर्थ निघतो. ज्याने ती सोसली, त्याच्याच नाकर्तेपणाची ती नोंद होऊन बसते. परक्या वाचकाला हा बदल कळणारही नाही, कारण वाक्य चटपटीत आहे. कोटी जितकी सफाईदार, तितका हा धोका मोठा.

'कास्ट' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे : साच्यात ओतणे. तो घेतला की वाक्य फिरते : 'दे कास्ट अस बिफोर वी वेअर बॉर्न, दॅट इज व्हाय दे कॉल इट कास्ट.' आम्ही जन्मण्याआधीच त्यांनी आम्हाला साच्यात ओतले, म्हणून तर ते तिला 'कास्ट' म्हणतात. आता ओतणारा कोणी तरी आहे आणि बोट त्याच्याकडे आहे. मूळ वाक्याचा आटोपशीरपणा गेला, 'न जाण्याची' कल्पनाही गेली. शिवाय मराठीत 'जात' लिहितानाही एकच दिसते. इंग्रजीत जातीच्या 'कास्ट'ला शेवटी 'ई' लागतो, त्यामुळे छापील पानावर कोटी अर्धी उघडी पडते आणि ती व्यासपीठावरून बोलण्यातच खुलते. हे तोटे पत्करावेत. रोख बदलण्याचा तोटा पत्करू नये.

ही रीत आपल्याला परकी नाही. तमाशातला सोंगाड्या वरच्याचा शब्द मुद्दाम चुकीचा ऐकतो, आणि त्या ऐकण्यातून वरच्याचेच पितळ उघडे पाडतो. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा हा बाज चळवळीच्या कामाला लावला. सोंगाड्याच्या हाती शब्द कोणताही येवो, टोला कोणाला द्यायचा हे त्याचे आधीच ठरलेले असते. कोटीचे भाषांतर करणाऱ्यानेही शब्द शोधायला बसण्यापूर्वी हे ठरवून घ्यावे.