दोन अक्षांचा चकवा

अमेरिकेतल्या मेन राज्यातला घटस्फोटांचा दर आणि देशातला मार्गारीनचा दरडोई खप यांचा टायलर व्हिगेन यांनी काढलेला आलेख प्रसिद्ध आहे. 2000 ते 2009 या काळातल्या दोन्ही रेषा जवळजवळ हातात हात घालून उतरतात.

घटस्फोट दर हजारी 5 वरून 4.1 वर आले, मार्गारीन 8.2 पौंडांवरून 3.7 वर. म्हणजे एकात 18 टक्के घट, दुसऱ्यात 55 टक्के. स्प्रेडशीटमध्ये डावा अक्ष 4 ते 5 आणि उजवा 3.5 ते 8.5 ठेवला, की दोन्ही उतार सारखेच तीव्र दिसतात.

असा आलेख दिसला, तर आधी दोन्ही अक्षांचे आरंभ आणि शेवट वाचा. मग पहिल्या वर्षाचा आकडा 100 धरून दोन्ही मालिका एकाच अक्षावर काढा. इथे त्या 82 आणि 45 वर संपतात, जवळीक ओसरते.

सहसंबंध मात्र 0.99 च राहतो, कारण तो अक्षांवर अवलंबून नसतो. पण असंख्य मालिका एकमेकींशी ताडून पाहिल्या, की दहाच बिंदूंची अशी एखादी जोडी योगायोगानेही सापडते. म्हणून ही जोडी कशी निवडली, हेही विचारा.