चित्र एक, आवाज बहात्तर मिनिटांचा

व्हिडिओ चढवून दोन तास झाले असतील, तेवढ्यात वाचनालयाच्या एका जुन्या सभासदांचा फोन आला. "अहो, तुमच्या त्या व्याख्यानाला आवाजच नाही. चित्र तेवढं दिसतंय."

मी म्हटलं, "काका, फोनचा आवाज बंद नाही ना?"

"बाकी सगळं ऐकू येतंय हो. तुमचंच येत नाही. मधे कुणीतरी खोकल्यासारखं वाटतं, तेवढंच."

माझ्या लॅपटॉपवर, हेडफोन लावून, व्याख्यात्या सरांचा आवाज मला व्यवस्थित ऐकू येत होता. त्यामुळे आधी मला काकांच्या फोनचाच संशय आला. मग तीच लिंक मी घरातल्या जुन्या, एकाच स्पीकरच्या फोनवर उघडली. काकांचं म्हणणं खरं होतं. पाण्याखालून यावी तशी पुसटशी कुजबुज आणि मधूनच थोडी खरखर. विहिरींच्या पाण्यावर बहात्तर मिनिटं बोललेला माणूस त्यातून जवळजवळ नाहीसा झाला होता.

आमच्या गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला जानेवारीत होते. व्हिडिओ काढायला कॅमेरा नसतो, माणूसही नसतो. लाउडस्पीकरवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घेऊन मी ती माझ्या छोट्या रेकॉर्डरला जोडतो. हाती येते ती फक्त ध्वनिफीत. सभासदांना मात्र व्याख्यान यूट्यूबवर हवं असतं, आणि तिथे चॅनेलवर नुसती ऑडिओ फाइल चढवता येत नाही, ती व्हिडिओच असावी लागते. मग एक स्थिर चित्र घ्यायचं, ते आवाजाच्या लांबीइतकं ताणायचं आणि दोन्ही एका फाइलमध्ये बांधायचं. यूट्यूबवर पंधरा मिनिटांपेक्षा मोठं काही चढवायचं तर आधी फोन नंबर देऊन खातं पडताळून घ्यावं लागतं. एवढी एक पायरी सोडली तर बाकी सगळं काम घरच्या संगणकावर होतं.

आवाज गेला कुठे, ते आधी सांगतो. मिक्सरची ती वायर 'बॅलन्स्ड' होती. अशा वायरीत एकच आवाज दोन तारांतून जातो. एकीत सरळ आणि दुसरीत उलटा, म्हणजे पहिलीत लाट वर असेल तेव्हा दुसरीत ती तेवढीच खाली. लांबच्या वायरीत शिरणारी घरघर काढून टाकायची ही चांगली युक्ती आहे, पण पलीकडचं यंत्रही तसंच लागतं. माझ्या रेकॉर्डरची खाच स्टिरिओ होती. तिने पहिली तार डावा आवाज म्हणून घेतली आणि दुसरी उजवा म्हणून. हेडफोनवर एका कानात सरळ लाट आणि दुसऱ्यात उलटी, तरी बोलणं समजतं. एका स्पीकरच्या फोनने मात्र दोन्ही एकत्र केले, आणि अधिक उणे मिळून शून्य झालं. जे दोन्ही बाजूंना नेमकं सारखं नव्हतं तेवढंच मागे राहिलं.

ही चूक हेडफोनवरही ओळखता येते, फक्त काय ऐकायचं ते माहीत हवं. एका माणसाचा आवाज डोक्याच्या मधोमध बसायला हवा. इथे तो कुठेच बसत नाही, दोन्ही कानांच्या बाहेर तरंगतो, पोकळ वाटतो. आणखी सोपं म्हणजे ऑडॅसिटीत फाइल उघडून लाटा खूप मोठ्या करून पाहायच्या. वरच्या पट्टीत डोंगर आणि खाली त्याच जागी दरी दिसली की झालं. उपाय एका ओळीचा आहे. उजवी बाजू टाकून द्यायची आणि डावीच घ्यायची. व्याख्यान म्हणजे एका माणसाचा आवाज, त्याला दोन बाजूंची गरजच नसते. तेव्हापासून मी प्रत्येक व्याख्यान मोनो करूनच चढवतो.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. लाउडस्पीकरवाला टाळ्यांना घाबरून पातळी खाली ठेवतो, त्यामुळे बोलणं मंद येतं. यूट्यूब फार मोठा आवाज स्वतः खाली आणतं, पण मंद आवाज वर चढवत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं. मी आधी मोजून घेतो:

```
ffmpeg -i vyakhyan.wav -af "pan=mono|c0=c0,ebur128" -f null -
```

शेवटी `I:` पुढे एक आकडा येतो, तो पूर्ण फाइलचा सरासरी मोठेपणा. त्याचं एकक `LUFS`. या व्याख्यानाचा आकडा आला उणे २६. बोलण्यासाठी मला उणे १६ च्या आसपास बरं वाटतं, म्हणजे दहा डेसिबल वर न्यायला हवं. आपोआप समतोल साधणारा `loudnorm` नावाचा फिल्टर आहे, आणि पुष्कळजण तोच लावतात. एका फेरीत चालवला तर तो ऐकत ऐकत पातळी बदलत जातो. सर बोलता बोलता थांबले, पाणी प्यायले, की त्या शांततेत सभागृहाचे पंखे हळूहळू वर येतात आणि सर पुन्हा बोलू लागले की दबतात. सरांची सवय अशी की महत्त्वाच्या वाक्याआधी ते चांगले तीन-चार सेकंद थांबतात. त्या थांबण्यात पंखा घुसणं मला सहन होत नाही. म्हणून मी सगळ्या फाइलला सारखेच दहा डेसिबल देतो आणि टाळ्या फाटू नयेत म्हणून वर एक मर्यादा घालतो.

चित्राकडे वळू. फोनवर काढलेला सरांचा फोटो होता, मागे फळा आणि फळ्यावर विहिरीचा छेद. फोटो आडवा असला तरी चार-तीनच्या प्रमाणातला, आणि पडदा सोळा-नऊचा. ताणून बसवला तर सरांचा चेहरा रुंद होतो. त्यापेक्षा फोटो डावीकडे ठेवून उजवीकडच्या मोकळ्या पट्टीत विषय, नाव आणि तारीख लिहिली. मापं १९२० गुणिले १०८०. दोन्ही आकडे सम हवेत. एकदा कडा कापताना उंची १०७९ झाली, तर कामच सुरू होईना आणि पडद्यावर `height not divisible by 2` असं आलं. त्याचं कारण असं की व्हिडिओत उजेड प्रत्येक बिंदूचा वेगळा साठवतात, पण रंग चार बिंदूंच्या चौकोनाला मिळून एकच. विषम उंचीत शेवटची ओळ अर्ध्या चौकोनाची राहते.

याच चौकोनामुळे देवनागरीवर एक संकट येतं, आणि ते मला बरंच उशिरा कळलं. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं लिहिली होती. संगणकावर चित्र सुरेख दिसायचं. व्हिडिओत मात्र शिरोरेखा फिसकटली, अनुस्वार विरघळले आणि 'भूजल'चा ऊकार खालच्या डागासारखा दिसू लागला. लाल आणि निळा यांच्यात उजेडाचा फरक थोडा, जो काही फरक होता तो रंगाचा, आणि रंगच तर चौकोनात वाटला गेला होता. गडद पार्श्वभूमीवर पांढरी किंवा फिकी पिवळी जाड अक्षरं घेतली की हा त्रास संपतो. उजवा खालचा कोपरा मोकळा सोडायचा, कारण लघुचित्रावर यूट्यूब तिथे कालावधी छापतं. मी आधी तारीख तिथेच लिहायचो.

अक्षरं मी नेहमी चित्रातच बसवून घेतो, `ffmpeg` कडून लिहून घेत नाही. जुन्या आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

आता बांधणी. लांबी आधी विचारून घ्यायची:

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 vyakhyan.wav
```

उत्तर आलं `4331.520000`, म्हणजे बहात्तर मिनिटं साडेअकरा सेकंद. मग:

```
ffmpeg -loop 1 -framerate 2 -i chitra.png -i vyakhyan.wav \
 -af "pan=mono|c0=c0,volume=10dB,alimiter=limit=0.84:level=false" \
 -c:v libx264 -tune stillimage -crf 18 -g 20 -pix_fmt yuv420p \
 -c:a aac -b:a 128k -ar 48000 -t 4331.52 vyakhyan.mp4
```

`-loop 1` म्हणजे चित्र पुन्हा पुन्हा दाखवत राहा. कधी थांबायचं ते यात सांगितलेलं नसतं. एका रात्री मी थांबा न देता हे चालू करून झोपलो. सकाळी आवाज कधीचा संपला होता, चित्राची फाइल वाढतच होती आणि डिस्क भरत आली होती. `-shortest` हा नेहमीचा उपाय आहे, पण सेकंदाला दोनच चित्रं असली की कधी कधी शेवटी चित्राची शेपटी शिल्लक राहते. आभारप्रदर्शन संपल्यावर पडदा मुका होऊन तसाच राहतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काही बिघडलं. म्हणून मी `-t` मध्ये नेमकी लांबी देतो.

सेकंदाला दोन चित्रं पुरतात, कारण हलणारं काही नाहीच. पंचवीस ठेवली असती तर एक लाख आठ हजारांवर चित्रं झाली असती. दोनने साडेआठ हजारांच्या थोडी वर होतात आणि संगणक तेवढाच लवकर मोकळा होतो. `-g 20` चा अर्थ दर वीस चित्रांनी, म्हणजे दहा सेकंदांनी, एक पूर्ण चित्र साठव. मधल्या चित्रांत फक्त 'काही बदललं नाही' एवढीच नोंद असते. हे न सांगता सोडलं तर पूर्ण चित्र अडीचशे चित्रांनी एकदा येतं, म्हणजे इथे दोन मिनिटांहून जास्त अंतराने. पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावून कुणी पुढे सरकवू लागलं की उडी नको तिथे पडते. यूट्यूब फाइल पुन्हा स्वतःच्या पद्धतीने बनवतं, तिथे हा प्रश्न नाही. पण आमचे निम्मे श्रोते पेनड्राइव्हवाले आहेत. `yuv420p` विसरलं तर अशाच काही टीव्हींवर चित्र येतच नाही, नुसता आवाज येतो.

आठशे तीस एमबीची मूळ फाइल सत्तर-ऐंशी एमबीची होऊन बाहेर आली. त्यातला बहुतेक भाग आवाजाचा. चित्राच्या वाट्याला अगदी थोडं येतं, आणि ते तसंच असावं.

यूट्यूबवर चढवलेली फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. नवी चढवायची आणि जुनी काढायची, एवढंच हाती असतं. तोवर जुनी लिंक तीन व्हॉट्सॲप गटांत फिरली होती. प्रत्येक गटात जाऊन मला नवी द्यावी लागली. म्हणून आता आधी फाइल खासगी ठेवतो आणि त्या एका स्पीकरच्या फोनवर तीन ठिकाणी ऐकतो. सुरुवातीचं एक मिनिट, मधला एक तुकडा आणि शेवटचं अर्धं मिनिट. शेवटी आभाराचं वाक्य पुरं होतं का, हे मुद्दाम पाहतो.

नवी लिंक मिळाल्यावर काकांचा पुन्हा फोन आला. या वेळी पूर्ण व्याख्यान ऐकून झालं होतं. "शेवटी कुणीतरी मागून काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही. सर मात्र त्यावर पाच मिनिटं बोलले." विचारणाऱ्याच्या हातात माईक नव्हता आणि मिक्सरच्या वायरीत माईकपर्यंत पोहोचतं तेवढंच येतं, त्यामुळे कितीही डेसिबल वाढवले तरी तो प्रश्न मिळणार नव्हता. मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आठवून तो प्रश्न व्हिडिओखालच्या वर्णनात लिहिला आणि पुढे वेळ टाकली, १:०४:२०: 'शेजाऱ्याने खोल बोअर घेतली तर माझी विहीर का आटते?'