‘झाला’ की ‘केला’?

8 मे 1930 रोजी सोलापुरात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, मग शहरात मार्शल लॉ आला. त्या दिवसाला कुणी ‘दंगल’ म्हणतं, कुणी ‘उठाव’. घटना तीच, पण पहिल्या शब्दात दोष जमावाचा, दुसऱ्यात राज्यकर्त्यांचा, आणि दोन्हीकडे पुरावा द्यायची गरजच उरत नाही.

विशेषणं डोळ्यांत भरतात, क्रियापद मात्र निसटतं. समजा, एखाद्या अग्रलेखात असं वाक्य आलं : ‘माथेफिरू जमाव चाल करून आला, अखेर गोळीबार झाला.’ ‘माथेफिरू’ पेन्सिलीने खोडा. माहिती काही कमी झाली? नाही. म्हणजे तो शेरा होता. आता ‘झाला’ला विचारा, कुणी केला? चाल करून येण्याला कर्ता आहे, गोळीबाराला नाही. ‘अखेर’ तर बेरकीच : दुसरा इलाजच नव्हता, हे तो गुपचूप सांगून जातो.

अर्थात अग्रलेखाला मत असणारच, त्यासाठीच तो असतो. आणि प्रत्येक जळजळीत शब्द भारलेला नसतो. सोलापूरच्या त्याच प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिली गेली. इथे ‘फाशी’ खोडून पाहा. वाक्यातली माहितीच जाते. पण ‘दिली गेली’? कुणी दिली, ते माझ्याही वाक्यातून निसटलंच की!