चांदिपुराची टक्केवारी कशी वाचायची?

नागपूरजवळच्या चांदिपुरा गावाचे नाव एका विषाणूला मिळाले आहे. १९६५ मध्ये तापाच्या साथीतील रुग्णांच्या रक्तात तो प्रथम सापडला. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा संशय याच विषाणूवर गेला. ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली.

परीक्षेत हे आकडे आले की विद्यार्थी १८३ला ३२९ने भागतात आणि ५६ टक्के मृत्युदर लिहितात. गणित बरोबर आहे. पण विषाणूची बाधा झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात, असा त्याचा अर्थ नाही. भागाकाराच्या खाली फक्त मेंदूज्वराची नोंद झालेली मुले आहेत. साधा ताप येऊन घरीच बरी झालेली मुले त्यात नाहीत. शिवाय नोंदलेल्या प्रत्येक मुलात विषाणूची प्रयोगशाळेत खात्री झाली नव्हती.

दुसरी चूक वॉर्डातील खाटा मोजण्याची. त्या दिवशी आजारी असलेल्यांचे प्रमाण म्हणजे प्रिव्हॅलन्स. सिकलसेल जन्मभर सोबत राहतो, म्हणून नवे रुग्ण थोडे असले तरी त्याचा प्रिव्हॅलन्स मोठा असतो. चांदिपुराचा रुग्ण मात्र एक-दोन दिवसांतही दगावू शकतो. खाट रिकामी होते आणि साथ ओसरल्यासारखी वाटते.

म्हणून साथीच्या आलेखात रोजचे नवे रुग्ण मांडतात, तेही लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेनुसार. दाखल झाल्याची तारीख घेतली, तर शिखर उशिरा दिसते आणि फवारणीही उशिरा होते.