चार रविवार, सहा आठवडे

सोसायटीच्या ग्रुपवर मातीकामाच्या वर्गाची घोषणा झाली की तासाभरात ठरलेले प्रश्न यायला लागतात. कप त्याच दिवशी घरी नेता येईल का? वर्ग चारच आहेत, मग ऑगस्टपर्यंत का चाललंय? जागा एवढ्या कमी का? बोलणाऱ्यानं तारीख, वेळ आणि फी व्यवस्थित सांगितलेली असते. माती वाळायला आणि भाजायला किती दिवस घेते, तेवढं मात्र सांगायचं राहून गेलेलं असतं. व्हॉइस नोटचा मजकूर लिहायला बसताना मी पहिल्यांदा तेच कागदावर मांडते.

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतली जुलैची बॅच घेऊ. क्लबहाउसमध्ये चार चाकं आहेत आणि विजेची एक छोटी भट्टी आहे. पहिल्या रविवारी बोटांनी दाबून वाटी करायची, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं. दुसऱ्या रविवारी चाक. तिसऱ्या रविवारी चाकावरच्या भांड्यांचा तळ कोरायचा आणि कपाला कान जोडायचे. मधल्या आठवड्यात या वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. त्यामुळे त्या आकार धरण्याइतक्या घट्ट होतात, पण सुरीनं कोरता येतील इतक्या ओल्याही राहतात.

तिसऱ्या वर्गानंतर प्लास्टिक काढलं की खरं वाळणं सुरू होतं, आणि ते सावकाशच व्हावं लागतं. कडा लवकर वाळल्या आणि जाड तळ ओला राहिला, तर आक्रसण्यात फरक पडतो आणि तळाला चीर जाते. कानाच्या सांध्यालाही हाच धोका असतो. पूर्ण न वाळलेली वस्तू भट्टीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला पुरेशी वाट मिळत नाही आणि वस्तू फुटते. फुटताना शेजारच्या वस्तूही खराब करते. वस्तू वाळली की नाही हे बघायची जुनी रीत सोपी आहे: ती गालाला लावायची. गार लागली तर आत अजून पाणी आहे. फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत ती गार लागेनाशी होते. जुलैत मी दोन आठवडे धरते.

पुढे पहिली भाजणी साधारण हजार अंश सेल्सिअसला होते. मग ग्लेझ लावायचं आणि दुसरी भाजणी बाराशे अंशांच्या पुढे. दोन्ही वेळा भट्टी गार व्हायला जवळजवळ अख्खा दिवस जातो, कारण गरम असताना दार उघडलं तर भांडी तडकतात. म्हणून चार रविवारांचा वर्ग सहा आठवडे चालतो.

जागांचा आकडाही भट्टीच ठरवते. पहिल्या भाजणीत भांडी एकमेकांवर ठेवली तरी चालतात. दुसऱ्या भाजणीत ग्लेझ वितळून काचेसारखं होतं, आणि दोन भांडी एकमेकांना टेकली तर कायमची चिकटतात. त्यामुळे प्रत्येक वस्तूभोवती मोकळी जागा ठेवावी लागते. आपल्या भट्टीत अशा चोवीस लहान वस्तू बसतात असं धरू. प्रत्येकाच्या तीन, म्हणजे आठ माणसं. चार चाकांवर आळीपाळीनं बसायलाही आठ जण बरोबर पुरतात.

एवढं हाताशी आलं की मजकूर असा होतो:

“नमस्कार मंडळी. मी बी विंगमधून बोलतेय, क्लबहाउसमधला मातीकामाचा वर्ग मी घेते. आपली नवी बॅच रविवारी, 5 जुलैला सुरू होतेय. वेळ सकाळी दहा ते बारा. 5, 12 आणि 19 जुलै हे तीन रविवार आपण मातीत काम करू, आधी हातानं आणि मग चाकावर. पुढचे दोन रविवार सुट्टी, कारण पावसात वस्तू वाळायला तेवढे दिवस लागतात. चौथा वर्ग 9 ऑगस्टला, त्या दिवशी ग्लेझ लावायचं. भाजून तयार झालेल्या वस्तू 16 ऑगस्टला घरी न्यायच्या. प्रत्येकाच्या तीन वस्तू भाजू. त्यातली एखादी वाळताना किंवा भट्टीत तडकू शकते, हे आधीच सांगून ठेवते. फी दोन हजार चारशे रुपये. त्यात माती, ग्लेझ आणि दोन्ही भाजण्या आल्या. जागा आठच आहेत. दहा वर्षांच्या पुढचं कुणीही येऊ शकतं. कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर टेबलाशी बसून हातानं काम करता येईल. नखं कापून या, जुने कपडे घाला. नाव नोंदवायला मंगळवार, 30 जूनपर्यंत मला वैयक्तिक मेसेज करा. पुन्हा सांगते: सुरुवात रविवारी, 5 जुलैला, सकाळी दहा वाजता.”

निवांत बोललं तर हे दीड मिनिटाच्या आत संपतं. “येत्या रविवारी” किंवा “उद्यापर्यंत” असे शब्द मी यात येऊ देत नाही. व्हॉइस नोट एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जाते, कुणी ती चार दिवसांनी ऐकतं, आणि खाली टाइप केलेला मजकूर बहुतेकदा मागेच राहतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही बोलायचे, सुरुवातीची तारीख शेवटी परत सांगायची आणि नोंदणीची मुदत आवाजातच ठेवायची. मुदत ऐकू आली नाही तर जागा भरल्यावरही फोन येत राहतात.

वस्तू तडकण्याचं वाक्य गाळायचा मोह बऱ्याच जणांना होतो. घोषणेतच फुटण्याची गोष्ट कशाला, असं त्यांना वाटतं. मला ते वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आजीनं नातवासाठी केलेल्या कपाचा कान भट्टीत निखळतो, तेव्हा हे आधी ऐकलेलं असलं तर वाईट वाटतं, पण फसवल्यासारखं वाटत नाही. नखांचंही तसंच. चाकावर लांब नखं ओल्या मातीत रुततात आणि कड फाटते. घरात लग्न असल्यामुळे ज्यांना नखं कापायची नसतील, त्यांना पुढची बॅच निवडता येते.

काही गोष्टी मात्र पहिल्या वर्गासाठी राखून ठेवाव्यात. ओला कप भाजून झाल्यावर साधारण दहाव्या हिश्शानं लहान होतो, म्हणून तो थोडा मोठाच करायचा, हे हातात माती असतानाच कळतं. मातीचा प्रकार आणि भाजणीचे अंशही घोषणेत नकोत. ऐकणाऱ्याचं लक्ष तारखेवरून उडतं.

रेकॉर्ड करताना चाक बंद ठेवावं, त्याची घरघर बोलण्यावर चढते. माइकचं चिन्ह दाबून बोट वर सरकवलं की रेकॉर्डिंग लॉक होतं आणि कागद हातात धरता येतो. पाठवण्याआधी एकदा ऐकून घ्यावं, मुख्यतः आकड्यांसाठी. “बारा” हा शब्द या मजकुरात वेळेसाठीही येतो आणि तारखेसाठीही, त्यामुळे तिथे किंचित थांबून बोलावं. नोटच्या खाली तारखा, फी आणि मुदत दोन ओळींत टाइप करून टाकावी, कारण आवाजातली तारीख नंतर शोधता येत नाही.

आणि एक छोटी नोट मनात तयार ठेवावी. जुलैअखेर पावसाची झड लागली, वस्तू गालाला अजून गार लागताहेत आणि 9 तारीख जवळ येतेय, अशा वेळी बॅचच्या आठ जणांना एवढंच सांगायचं: “वस्तू अजून वाळल्या नाहीत, भट्टी एक आठवडा पुढे ढकलतेय. ग्लेझचा वर्ग आता रविवारी, 16 ऑगस्टला, आणि वस्तू 23 ऑगस्टला मिळतील.”