निबंध वेगळा, अर्ज वेगळा

गणपती झाले, दसरा जवळ आला की ज्या घरात बारावीतले मूल आहे त्या घरात दुसरा विषय नसतो. कॉमन अॅपचा निबंध! कमीत कमी 250 शब्द, जास्तीत जास्त 650. त्यासाठी मुले उन्हाळ्यापासून डोके खाजवतात, चार-पाच खर्डे करतात आणि शेवटी आई-बाबांना न दाखवताच पाठवून देतात.

आता त्यात आणखी एक भर पडली आहे. काही मुले इथल्या कॉलेजांबरोबर नेदरलँड्स, जर्मनी अशा देशांतल्या विद्यापीठांतही अर्ज करतात. तिकडे इंग्रजीतून चालणारे पदवीचे अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांतले बरेच तीन वर्षांत पुरे होतात. त्यांपैकी अनेक ठिकाणी एक ‘मोटिव्हेशन लेटर’ मागतात. मुलांना वाटते, निबंध तर तयारच आहे. वर ‘डियर अॅडमिशन कमिटी’ घातले की झाले पत्र. तसे होत नाही. का होत नाही, ते या लेखात पाहू.

आपल्यापैकी जे मराठी शाळेत शिकले त्यांना हा फरक समजायला सोपा आहे. मराठीच्या पेपरात निबंध असे आणि पत्रलेखनही असे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिताना आपण काळे ढग, मातीचा वास, गळकी छत्री सगळे आणत होतो. पण मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना विषय, कारण, तपशील आणि विनंती एवढेच. अर्जात मातीचा वास आणला असता तर गुरुजींनी लाल शाई फिरवली असती. कॉमन अॅप हा निबंध आहे आणि युरोपातले पत्र हा अर्ज आहे.

असे का, ते वाचणारा कोण यावर ठरते. अमेरिकन कॉलेजात मुलाला बहुधा सबंध कॉलेजात प्रवेश मिळतो. मेजर पुढे ठरवता येतो, बदलताही येतो. निबंध वाचणारे प्रवेश कचेरीतले लोक असतात. मार्क, शिफारसपत्रे, उपक्रमांची यादी त्यांच्यासमोर असतेच. त्या कागदांत न दिसणारे मूल कसे आहे, ते वसतिगृहात आणि वर्गात काय घेऊन येईल, हे त्यांना निबंधातून हवे असते. म्हणून तिथे आजी चालते, आजीच्या हातचे थालीपीठही चालते.

नेदरलँड्समध्ये मूल पहिल्या दिवसापासून एका विषयात दाखल होते. ‘अजून ठरवले नाही’ असा रकानाच नसतो. पत्र बहुधा त्या अभ्यासक्रमाची प्रवेश समिती वाचते, आणि तिच्यात तो विषय शिकवणारे प्राध्यापक असू शकतात. शिवाय पहिल्या वर्षाची एक अट असते. वर्षाचे 60 क्रेडिट असतात. त्यांतले ठरावीक, अनेक ठिकाणी 42 ते 45, मिळाले नाहीत तर तो अभ्यासक्रम तिथे सोडावा लागतो. आजारपणासारखी कारणे विचारात घेतात, पण ‘विषय आवडला नाही’ हे कारण चालत नाही. घरापासून हजारो मैलांवर, फी भरून झाल्यावर ही वेळ आली तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून पत्र वाचणाऱ्याला मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात. हा विषय म्हणजे काय, हे या मुलाला ठाऊक आहे का? आणि तो झेपण्याइतकी तयारी झाली आहे का?

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, न्यू जर्सीतल्या एका मुलीला तिकडे जलव्यवस्थापन शिकायचे आहे. तिचा कॉमन अॅपचा निबंध 640 शब्दांचा आहे. सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, आजीच्या गावी. मे महिन्यात टँकर येतो, बायका हंडे घेऊन धावतात, आजी नातीच्या हातात एक कळशी देते. शेवटी न्यू जर्सीत दात घासताना ती नळ बंद करते आणि तिला आजी आठवते. निबंध म्हणून हे छान आहे. इथल्या कॉलेजला तसाच पाठवावा.

आता विद्यापीठाने एक पान मागितले आहे. हाच विषय का, इथेच का, तयारी काय, पुढे काय, असे चार प्रश्न दिले आहेत. पेन्सिल घेऊन निबंधात यांतल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या वाक्यांखाली रेघ मारा. रेघ येते एकाच वाक्याखाली: आजीच्या गावी उन्हाळ्यात पाणी टँकरने येते. बाकी 600 शब्दांत तिचे मन दिसते, पण विषयाची ओळख दिसत नाही. मजा अशी की जी माहिती हवी होती ती तिच्याकडे होती. निबंधात शोभत नाही म्हणून तिने ती गाळली होती. ती वापरून केलेले पत्र मराठीत सांगायचे तर साधारण असे होईल.

पहिला परिच्छेद: “मी जलव्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज करीत आहे. माझे आजोळ महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात आहे, आणि तिथे उन्हाळ्यात पाणी टँकरने येते. पाऊस पडूनही ते पाणी जमिनीत का टिकत नाही, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला.” आजी गेली नाही, पहा. ती तीन वाक्यांत बसली, आणि प्रश्नाचे मूळ म्हणून बसली.

दुसरा परिच्छेद तयारीचा: “शाळेत मी एपी कॅल्क्युलस, एपी फिजिक्स आणि एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतले आहे.” पुढे मिळालेले गुण किंवा परीक्षा कधी आहे ते. विशेषणे नकोत.

तिसरा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा: “गेल्या वर्षी मी आमच्या गावातल्या ओढ्यावर तीन ठिकाणी, दर दोन आठवड्यांनी, पाण्याचा गढूळपणा मोजला. अशी 14 मोजमापे झाली. पावसानंतर दोन ठिकाणी गढूळपणा वाढला, तिसऱ्या ठिकाणी वाढला नाही. कारण मला सांगता आले नाही, कारण मी प्रवाह मोजला नव्हता.” या शेवटच्या वाक्याला मुले घाबरतात, त्यांना ते कबुलीजबाबासारखे वाटते. पण प्राध्यापकाला नेमके तेच हवे असते. आपल्याला काय येत नाही हे जिला नेमके सांगता येते, तिला विषय कळू लागला आहे.

चौथा परिच्छेद, इथेच का: “पहिल्या वर्षातला जलविज्ञानाचा विषय आणि दुसऱ्या वर्षातले शेतावरचे प्रात्यक्षिक मला याच कारणासाठी हवे आहे.” यासाठी विद्यापीठाच्या पानावरचा अभ्यासक्रम, वर्षवार विषय, खरोखर वाचावा लागतो. पाचवा परिच्छेद दोन वाक्यांचा: पुढे पाणलोट नियोजनात मास्टर्स करायचे आहे. संपले पत्र.

पत्र झाले की पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. विद्यापीठाचे नाव बोटाने झाका आणि चौथा परिच्छेद वाचा. तो दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाला चालत असेल तर तो रिकामा आहे. ‘आपले जगप्रसिद्ध विद्यापीठ’, ‘आंतरराष्ट्रीय वातावरण’, ‘सुंदर शहर’ ही वाक्ये हमखास इथे सापडतात. दुसरे, ‘लहानपणापासून आवड’, ‘पॅशन’ असे शब्द दिसले की त्या जागी एक कृती लिहा: काय केले, किती वेळा, काय दिसले. लिहिण्यासारखे काहीच नसेल तर प्रश्न पत्राचा नाही. या विषयाला जावे का, याचा घरात एकदा विचार करावा.

आपल्या वळणाचाही एक दोष सांगतो. अर्ज म्हटला की आपल्याला विनवणी आठवते: ‘कृपया संधी द्यावी, मी आजन्म ऋणी राहीन.’ त्याची गरज नाही. एखाद्या वर्षी मार्क घसरले असतील तर एका वाक्यात कारण द्यावे आणि पुढे जावे.

पत्राकडून काय अपेक्षा ठेवू नये, तेही सांगायला हवे. नुसता हायस्कूल डिप्लोमा तिकडे सहसा पुरत नाही. बहुतेक डच संशोधन विद्यापीठे ठरावीक एपी विषय मागतात. गणिताची अट पुरी नसेल तर कितीही चांगले पत्र ती भरून काढत नाही. जर्मनीत पदवीच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना प्रवेश गुणांवर ठरतो आणि पत्र मागतच नाहीत. न मागता जोडू नये.

अपवादही आहेत. नेदरलँड्समधली ‘युनिव्हर्सिटी कॉलेजेस’ लहान असतात, मुले कॅम्पसवर राहतात आणि विषय नंतर निवडतात, म्हणजे थोडीफार अमेरिकन पद्धत. तिथल्या पत्रात स्वतःबद्दल जरा जास्त लिहिले तर चालते.

ब्रिटनची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे 2026 च्या प्रवेशापासून यूकॅसच्या एका सलग निवेदनाच्या जागी तीन प्रश्न आले: हा विषय का, शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. सगळे मिळून 4000 अक्षरे, मधल्या मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचे. तेच उत्तर तुम्ही निवडलेल्या पाचही ठिकाणी जाते, म्हणून त्यात एका विद्यापीठाचे नाव घालायचे नाही. डच पत्रात नाव आणि विषय नेमके हवेत, यूकॅसमध्ये नाव नको. एकाच आठवड्यात दोन्ही लिहिणाऱ्या मुलाची इथे गल्लत होते.

तारखाही एकमेकींवर येतात. नेदरलँड्समध्ये ज्या अभ्यासक्रमांना जागांची मर्यादा असते त्यांची अखेरची तारीख 15 जानेवारी. इथल्या बऱ्याच कॉलेजांची जानेवारीच्या सुरुवातीला. नाताळच्या सुट्टीत दोन्ही एकदम करायला घेतले की निबंधच पत्र म्हणून जातो. म्हणून पत्राचे काम दिवाळीच्या सुमारास सुरू करावे, आणि पहिल्या परिच्छेदापासून नव्हे, चौथ्यापासून. अभ्यासक्रमाचे पान छापून टेबलावर ठेवा. मुलाला त्यातले दोन विषय निवडू द्या आणि ते का निवडले हे तुम्हाला मराठीत सांगायला लावा. मोडक्यातोडक्या मराठीत पॅशन, इन्स्पिरेशन हे शब्द पटकन सुचत नाहीत. मूल सरळ सांगते, आणि तेच इंग्रजीत उतरवले की चौथा परिच्छेद तयार होतो.