पासबुकातल्या १७.७० आणि २३६ रुपयांच्या नोंदी

बचत खात्यातून बँक परस्पर वळते करून घेते अशा रकमांमध्ये तीन प्रकार सर्वांत जास्त आढळतात: किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड, एसएमएस सूचनांचे शुल्क आणि डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क. या रकमा लहान असतात. पगार, वीजबिल, कर्जाचा हप्ता आणि यूपीआयच्या असंख्य नोंदींमध्ये त्या सहज हरवतात. पण हजारो रुपयांची शिल्लक असलेल्या साध्या खात्याला त्या भारी पडतात. वर्षभर १०,००० रुपये पडून असलेल्या खात्यावर अडीच टक्के दराने २५० रुपये व्याज मिळते आणि कार्डाचे एकच २३६ रुपयांचे शुल्क ते जवळजवळ सगळे खाऊन टाकते.

ही शुल्के ओळखण्याची सर्वांत सोपी खूण वस्तू व सेवा कर ही आहे. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि शुल्क मुळात बहुधा पूर्णांकात ठरलेले असते. त्यामुळे खात्याला नावे पडलेली एखादी विचित्र रक्कम १.१८ ने भागली आणि उत्तर नेमके आले, तर ते बँकेचे शुल्क असण्याची दाट शक्यता असते. १७.७० ला भागले की १५ येतात. हे बहुधा तिमाहीचे एसएमएस शुल्क. १४७.५० चे १२५, २३६ चे २०० आणि २९५ चे २५० होतात. या रकमा कार्डाच्या वार्षिक शुल्कात नेहमी दिसतात. २७.१४ ला भागल्यावर २३ येतात. १ मे २०२५ पासून मोफत मर्यादेपलीकडच्या एटीएम व्यवहारासाठी बँकांना आकारता येणारी ही कमाल रक्कम आहे. काही बँका शुल्क आणि कर अशा दोन वेगळ्या ओळी छापतात. तिथे मोठ्या रकमेखाली तिच्या १८ टक्क्यांची दुसरी रक्कम त्याच तारखेला दिसते. दंडाची रक्कम मात्र तुटीच्या टक्केवारीने निघत असल्यामुळे तिला ही खूण दर वेळी लागू पडत नाही. तिथे तपशिलाचा रकाना पाहावा लागतो. त्यात `MIN BAL`, `AMB`, `SMS CHRG`, `AMC` अशी संक्षिप्त अक्षरे असतात. `AMB` म्हणजे सरासरी मासिक शिल्लक आणि `AMC` म्हणजे कार्डाचा वार्षिक देखभाल खर्च.

किमान शिल्लकेबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. शिल्लक एखाद्या दिवशी ठरलेल्या आकड्याखाली गेली की दंड बसतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक बँका महिन्याची किंवा तिमाहीची सरासरी पाहतात. रोज दिवसाअखेरीस खात्यात जी रक्कम उरते, ती महिनाभर मिळवत जायची आणि बेरजेला महिन्याच्या दिवसांनी भागायचे. सकाळी जमा होऊन संध्याकाळपूर्वी निघून गेलेल्या पैशाला या हिशेबात काहीच स्थान नसते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, खात्याला १०,००० रुपयांची मासिक सरासरी आवश्यक आहे आणि महिना ३० दिवसांचा आहे. पहिले ४ दिवस खात्यात ३,००० रुपये आहेत. ५ तारखेला २४,००० रुपये पगार जमा होतो आणि ७ तारखेपर्यंत, म्हणजे ३ दिवस, शिल्लक २७,००० राहते. ८ तारखेला घरभाडे आणि हप्ता मिळून २१,००० रुपये जातात. १९ तारखेपर्यंतचे १२ दिवस ६,००० उरतात. २० तारखेला आणखी २,००० रुपये काढले जातात आणि शेवटचे ११ दिवस शिल्लक ४,००० असते. आता बेरीज करायची: १२,००० अधिक ८१,००० अधिक ७२,००० अधिक ४४,०००, म्हणजे २,०९,०००. तीसने भागल्यावर सरासरी ६,९६६.६७ रुपये येते. तूट ३,०३३.३३ रुपयांची झाली. बँकेचा दर तुटीच्या ६ टक्के असेल, तर दंड १८२ रुपये, त्यावर ३२.७६ रुपये कर, एकूण २१४.७६ रुपये.

या महिन्यात पगार कमी पडलेला नाही. पैसे खात्यात फार थोडे दिवस राहिले, एवढेच घडले. २१,००० रुपयांचे तेच खर्च ८ ऐवजी १३ तारखेला गेले असते, तर २७,००० ची शिल्लक आणखी ५ दिवस टिकली असती. बेरीज १,०५,००० ने वाढून ३,१४,००० झाली असती आणि सरासरी १०,००० च्या वर गेली असती. म्हणून दंड वारंवार बसत असेल, तर जादा पैसे भरण्याआधी हप्त्याची तारीख बदलून मिळते का, हे विचारणे फायद्याचे ठरते.

या दंडावर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये काही बंधने घातली. ती १ एप्रिल २०१५ पासून व्यापारी बँकांना लागू झाली. शिल्लक कमी पडल्याचे बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवले पाहिजे. कळवल्यापासून महिनाभरात शिल्लक पूर्ववत झाली नाही, तरच दंड वसूल करता येतो. दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे. शंभर रुपये कमी पडलेल्याला आणि पाच हजार कमी पडलेल्याला सरसकट सारखाच दंड लावता येत नाही. केवळ या दंडामुळे खाते उणे शिल्लकीत जाता कामा नये, हेही त्यात स्पष्ट केलेले आहे. दोन वर्षे व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर तर १ एप्रिल २०२४ पासून हा दंड लावताच येत नाही आणि ते खाते पुन्हा सुरू करून देण्यासाठीही शुल्क घेता येत नाही.

दंडाची नोंद वाचताना या मुदतीचे भान ठेवावे लागते. सप्टेंबरमधली तूट ऑक्टोबरमध्ये कळवली गेली, तर तिचा दंड नोव्हेंबरमध्ये पडू शकतो. नोव्हेंबरमध्ये खात्यात भरपूर पैसे असल्यामुळे ही नोंद चुकीची वाटते. म्हणून दंड ज्या महिन्यात पडला तो महिना न तपासता, ज्या महिन्यासाठी पडला तो तपासायचा असतो. ही तूट लक्षात न येण्याचे एक ठरलेले कारण पगाराच्या खात्यात सापडते. या खात्याला किमान शिल्लकेची अट सहसा नसते. नोकरी बदलली आणि काही महिने पगार जमा झाला नाही, की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते. खातेक्रमांक तोच राहतो, अटी मात्र बदलतात.

सगळ्याच बँका आता हा दंड घेत नाहीत. स्टेट बँकेने बचत खात्यांवरची किमान शिल्लकेची अट मार्च २०२० मध्ये काढून टाकली. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि इंडियन बँक यांनीही सर्वसाधारण बचत खात्यांवरचा दंड बंद केला. अनेक खासगी बँकांमध्ये तो कायम आहे, कारण किमान शिल्लक किती असावी हे ठरवण्याची मोकळीक बँकांना आहे.

एसएमएस शुल्काचा नियम नोव्हेंबर २०१३ चा आहे. हे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार आकारावे, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा बँकांना सांगितले. त्यामुळे ज्या तिमाहीत खात्यात दोनच व्यवहार झाले, तिथेही पूर्ण १५ रुपये कापले गेले असतील तर शाखेत हिशेब मागण्यास जागा असते. बँकेने स्वतःच्या कर्जाच्या किंवा विम्याच्या जाहिरातीसाठी पाठवलेले संदेश या मोजणीत धरले जाऊ नयेत. मात्र शुल्क वाचवण्यासाठी या सूचना बंद करणे महागात पडू शकते. खात्यातून त्रयस्थाने पैसे काढले आणि त्यात ग्राहकाची चूक नसेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर तोटा पडत नाही. सूचना आलीच नाही, तर चोरी कळायलाच उशीर होतो.

कार्डाचे शुल्क वर्षातून एकदाच, बहुधा कार्ड दिलेल्या महिन्याच्या आसपास पडते. ते कार्डाच्या प्रकारावर अवलंबून असते. स्टेट बँकेने १ एप्रिल २०२४ पासून क्लासिक कार्डासाठी २०० रुपये आणि प्लॅटिनम कार्डासाठी ३२५ रुपये अधिक कर असे वार्षिक शुल्क ठेवले. प्लॅटिनमचे करासह ३८३.५० होतात. फरक पडतो तो कार्डाची मुदत संपल्यावर: नवे कार्ड घरी येते तेव्हा त्यावर पूर्वीचाच प्रकार छापलेला आहे का, हे पाहिले पाहिजे. वरचा प्रकार नको असेल तर साधे कार्ड मागून घेता येते. कार्ड वापरातच नसेल, तर वार्षिक तारखेच्या आधी ते बंद करण्याचा अर्ज देता येतो.

प्रत्येक लहान नोंद म्हणजे शुल्क नव्हे. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला २० आणि ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ते पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विमा योजनांचे हप्ते असतात. या आकड्यांना १.१८ ने भागून पूर्णांक येत नाही. विमा घेतल्याचे आठवत नसेल, तर त्यासाठी संमती कधी दिली हे बँकेकडे विचारता येते.

तपासणी वर्षातून एकदा, १ एप्रिल ते ३१ मार्चचे स्टेटमेंट काढून करणे सोयीचे असते. फक्त नावे पडलेल्या लहान रकमांखाली रेघ ओढायची, त्या १.१८ ने भागायच्या आणि बँकेच्या संकेतस्थळावरील सेवाशुल्काच्या तक्त्याशी ताडून पाहायच्या. तक्ता पाहताना आपल्या खात्याच्या प्रकाराचे नेमके नाव हाताशी हवे, कारण एकाच बँकेत पाच-सहा प्रकारची बचत खाती असतात आणि प्रत्येकाचे दर निराळे असतात.

नोंद जुळली नाही तर शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पतसंस्था या व्यवस्थेत येत नाहीत. त्यांच्या तक्रारी सहकार खात्याकडे जातात.

किमान शिल्लक ठेवणे जमत नसेल, तर मूलभूत बचत ठेव खात्याचा पर्याय प्रत्येक बँकेत आहे. त्याला शिल्लकेची अट नाही, एटीएम-डेबिट कार्ड वार्षिक शुल्काविना मिळते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. अट एवढीच, की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. असेल तर ते ३० दिवसांत बंद करावे लागते.